बाविसाव्या पानावर अडकलेलं पुस्तक

परत आलेल्या पुस्तकांत लोक काय काय विसरतात, त्यावर मी कधीतरी लिहीनच. लाइट बिल, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा, गोळ्यांची रिकामी पट्टी. मुलं वाढवण्यावरच्या पुस्तकांत मात्र बहुतेक वेळा एसटीचं तिकीट सापडतं आणि ते पहिल्या वीस-पंचवीस पानांतच असतं. गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी असंच एक पुस्तक परत दिलं. "कसं वाटलं?" विचारलं तर म्हणाल्या, "छान आहे." तिकीट बाविसाव्या पानावर होतं.

मी अमळनेरात एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. "मुलगा बोलतच नाही, काहीतरी द्या", "पोरगी नुसती फोनमध्ये असते, आहे का एखादं पुस्तक?" अशी मागणी महिन्यातून चार-पाच वेळा येते. पूर्वी मी कपाटातून हाताला लागेल ते द्यायचो. माझा स्वतःचा मुलगा नववीत गेला, घरात बोलायचा बंद झाला, तेव्हा तीच पुस्तकं मी घरी नेली आणि ती बाविसाव्या पानावर का अडकतात ते कळलं. आपण संकटात असताना पहिल्या पानापासून वाचायला घेतो. पहिली पन्नास पानं लेखकाची ओळख, मेंदूची ओळख, अमेरिकेतल्या कुणाच्या तरी मुलीची गोष्ट यांत जातात. आपलं पोर तेवढ्यात दोनदा दार आपटून आत गेलेलं असतं.

तेरा ते सतरा वयाचं मूल घरात आहे आणि असं पुस्तक पहिल्यांदाच हातात घेणार आहात, अशांसाठी हे लिहितोय. 

आधी सात दिवस वही

पुस्तक नेण्याआधी एक आठवडा घरातली बोलणी लिहायची. निष्कर्ष लिहायचे नाहीत, फक्त वाक्यं लिहायची. "तो उद्धट वागला" हे चालणार नाही. कुणी काय म्हटलं, किती वाजता, आणि त्याच्या आधी आपण काय म्हटलं होतं, एवढंच. शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानं चालतात. मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायची, एवढं मात्र बघा.

वर सांगितलेल्या ताईंना मी हेच करायला लावलं. त्यांनी आणलेल्या पानावर अशा नोंदी होत्या: "मंगळवार, सव्वासहा. क्लासहून आला. मी – कसा गेला पेपर? तो – ठीक. मी – ठीक म्हणजे किती? तो खोलीत." आणि "गुरुवार, जेवताना. मी – आज कोण भेटलं? तो – कोणी नाही. मी – मग एवढा उशीर का? तो – ताटावरून उठला." सात दिवसांत अकरा नोंदी होत्या. अकरापैकी नऊ त्यांच्या प्रश्नाने सुरू होत होत्या. त्यांनी स्वतःच बोट ठेवून मोजलं आणि म्हणाल्या, "मी घरात पोलीस चौकी चालवते की काय?"

वहीचा दुसरा उपयोग म्हणजे तक्रारींची गुंतवळ सुटते. गप्प राहणं, फोन आणि चिडचिड ही तीन नावं आपण एका दमात घेतो, पण वहीत त्यातलं एकच काहीतरी सारखं सारखं दिसतं. या ताईंना मुलाच्या फोनचा त्रास आहे असं वाटत होतं. अकरा नोंदींत फोन दोनदाच आला होता. पुस्तक निवडायचं ते वहीत जे जास्त वेळा आलंय त्यासाठी.

कोणत्या दुखण्याला कोणतं पुस्तक

मूल बोलत नसेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. अडेल फेबर आणि इलेन मॅझलिश या दोघींचं 'हाऊ टू टॉक सो टीन्स विल लिसन अँड लिसन सो टीन्स विल टॉक'. 2005 साली आलेलं आहे. या दोघी हाइम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाच्या पालकवर्गात बसून शिकल्या. गिनॉट यांचं वयात आलेल्या मुलांवरचं 'बिट्वीन पेरेंट अँड टीनएजर' 1969 चं. मूळ विचार तिथला, पण फेबर-मॅझलिश यांनी तो स्वयंपाकघरात आणला. पुस्तक इंग्रजी आहे म्हणून घाबरू नका. पालकांचे वर्ग भरलेत, एकेक जण आपली घरची गोष्ट सांगतोय, अशा रीतीने ते लिहिलंय आणि मध्ये मध्ये चित्रकथा आहेत: वर आई जे बोलते ते आणि त्याने काय झालं, खाली तेच वेगळ्या शब्दांत बोलली तर काय झालं. दहावीपर्यंतचं इंग्रजी असलेल्या माणसाला ती चित्रं सहज वाचता येतात. आमच्याकडचे एक कापूस व्यापारी ते पुस्तक फक्त चित्रांवरून वाचून आले आणि त्यांना पुस्तक पुरतं कळलं होतं.

मुलीचे मूड सांभाळता येत नसतील तर लिसा डमूर. त्यांचं 'अनटँगल्ड' 2016 चं आहे आणि ते मुलींवरच आहे. मुलगा असेल किंवा दोन्ही असतील तर त्यांचंच 2023 चं 'द इमोशनल लाइव्हज ऑफ टीनएजर्स' घ्या. वाचायला फेबर-मॅझलिशपेक्षा जड आहे, म्हणून हे दुसरं पुस्तक, पहिलं नव्हे.

"असं का होतं ते शास्त्रीय सांगा" म्हणणारे वडील असतात. त्यांना मी फ्रान्सिस जेन्सन या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंचं 'द टीनएज ब्रेन' देतो आणि सांगतो, झोपेवरचं प्रकरण आधी वाचा. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं. अकराला झोप न येणारा पोरगा दर वेळी नाटक करत नसतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि सकाळची शाळा सातची असेल तर हिशोब कुठेच जमत नाही. सकाळच्या निम्म्या भांडणांचं मूळ मला त्या एका प्रकरणात सापडलं.

फोनवरच्या पुस्तकांबद्दल पुढे सांगतो, कारण तिथे गफलत जास्त होते.

मराठीत शोभा भागवत यांचं 'आपली मुलं' आहे. त्याचा भर लहान वयावर आहे, पण मुलाला माणूस म्हणून बघायची जी सवय ते लावतं ती इंग्रजी पुस्तकांच्या आधी लागली तर बरं. आणि आमच्या गावापुरतं सांगायचं तर, साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे आणि मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायचे. जे तोंडावर सांगायचं नाही ते कागदावर सांगायचं, हा उपाय फेबर-मॅझलिशनेही दिलाय. ते वाचताना मला हसू आलं. आमच्या गावात तो शंभर वर्षांपूर्वी करून झाला होता.

पुस्तक तुमच्या वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवहीत नाव लिहा. पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं आडनाव नीट लिहा. 'मुलांच्या संगोपनावरचं इंग्रजी पुस्तक' असं लिहिलेली मागणी खरेदीच्या वेळी कुणाला काही सांगत नाही.

एक प्रकरण, चार वाक्यं

पुस्तक हाती आलं की फक्त पहिलं प्रकरण वाचायचं. फेबर-मॅझलिशचं पहिलं प्रकरण भावनांवर आहे आणि त्यात चार हत्यारं आहेत. महिनाभर एवढंच. पुढचं प्रकरण उघडायचं नाही, कारण पुढे आठ नवी हत्यारं आहेत आणि ती एकदम हाताशी घेतली की एकही धड चालत नाही.

खरं काम इथून सुरू होतं आणि पुस्तक ते आपल्यासाठी करत नाही. ती वाक्यं आपल्या घरच्या बोलीत आणायची. ताईंनी पहिल्या दिवशी मुलाला म्हटलं, "तू हताश झाल्यासारखा वाटतोयस." पोरगं बघतच राहिलं. "मम्मी, बरी आहेस ना?" हताश हा शब्द त्या घरात त्याआधी कुणी उच्चारला नव्हता. इंग्रजीत जे वाक्य साधं वाटतं, ते आपल्याकडे तसंच्या तसं उचललं की नाटकातलं होतं.

पहिलं हत्यार म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आपण बोलून दाखवणं. सर सगळ्यांसमोर बोलले म्हणून पोरगा फणफणत आलाय. आपलं नेहमीचं वाक्य असतं, "तू काहीतरी केलं असशीलच." त्याऐवजी, "सगळ्यांसमोर बोलले? डोकं फिरणारच." घरात अहिराणी असेल तर "डोकं फिरी गयं ना?" एवढं पुरे. त्याच्यापुढे 'पण' लावायचा नाही. "डोकं फिरणारच, पण सरांचंही बरोबर आहे" म्हटलं की पहिला अर्धा भाग रद्द होतो.

दुसरं हत्यार म्हणजे हुंकार. "हं." "अस्सं." "अरे बापरे." खानदेशी माणसाला हे शिकवायची गरज नाही, ओट्यावर बसून आपण तासन्‌तास हेच करतो. पोटच्या पोरापुढेच ते सुचत नाही. एक धोका आहे. "मग?" हा शब्द हुंकारासारखा दिसतो पण प्रश्न आहे. "मग? मग तू काय म्हटलं?" सुरू झालं की चौकी पुन्हा उघडली.

तिसरं मला सगळ्यात आवडतं: जे देता येत नाही ते निदान कल्पनेत देणं. सकाळी सहाला उठताना पोरगी रडकुंडीला आलीय. "रात्री लवकर झोपायला काय होतं?" हे खरं आहे, पण त्याने कुणी उठत नाही. "शाळा अकराला भरायला पाहिजे होती. आधी भरीत-पुरी, मग शाळा." माझ्या भाचीवर हे करून पाहिलं. ती उठली नाही, पण हसली. त्या घरात सकाळी कुणी हसल्याला बराच काळ झाला होता.

चौथं: भावना मान्य, वागणं नाही. "आजीचा राग आला ते कळलं. आजीला असं बोलायचं नाही. मला येऊन सांग." तीन छोटी वाक्यं, याच क्रमाने. पुस्तकं मुलांचं सगळं ऐकायला सांगतात असा समज झालेल्यांनी हे चौथं आधी वाचावं.

ही चारही वाक्यं समोरासमोर बसून बोलायची नाहीत. डोळ्यात डोळे घातले की या वयाची पोरं गोगलगाईसारखी आत जातात. स्कूटरवर मागे बसलेली असताना, शेतावर कापसाच्या काड्यांवर वांगी भाजताना, भांडी विसळताना, म्हणजे दोघांचीही नजर दुसरीकडे असताना बोला. माझ्या मुलाने महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य अशीच वांगी फिरवत असताना सांगितलं. गणिताच्या क्लासमधून त्याला उठवून मागच्या बाकावर बसवलं होतं. तीन आठवडे तो ते घेऊन फिरत होता. मी "अरे बापरे" म्हटलं आणि वांगं उलटं केलं. त्यापुढे काही म्हणायचं नाही हेच सगळ्यात अवघड होतं, कारण मला त्या क्लासवाल्यांना लगेच फोन करायचा होता.

आणखी एक. पुस्तक चहाच्या टेबलावर पालथं टाकू नका. आमच्याकडे दहाव्या दिवशी मुलाने मुखपृष्ठ पाहिलं. त्यानंतर मी काहीही म्हटलं की तो विचारायचा, "हे कितव्या पानावरचं?" शेवटी मी त्यालाच चित्रकथा वाचायला दिल्या. त्याने दोन वाचल्या आणि एकीतल्या बापाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा तुम्ही." वरच्या चित्रातला बाप होता तो, चुकीचं बोलणारा.

फोन: पाच पायऱ्या आणि एक कागद

फोनवरचं सध्या सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे जोनाथन हाइट यांचं 'द अँक्शस जनरेशन', 2024 चं. त्यातल्या चार सूचना अशा: हायस्कूलच्या, म्हणजे तिकडच्या साधारण चौदाव्या वर्षाच्या आधी स्मार्टफोन नको, सोळाच्या आधी सोशल मीडिया नको, शाळेत फोन नको, आणि मुलांना मोठ्यांच्या नजरेबाहेर खेळू द्या, फिरू द्या. वाचून लोक पेटून उठतात आणि त्याच संध्याकाळी फोन कपाटात बंद करतात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे फोनमुळेच मुलांचं मन बिघडलं हे सिद्ध झालंय का, यावर वाद आहे. मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात या पुस्तकाचं परीक्षण करताना हाच आक्षेप घेतला. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही. दुसरं म्हणजे ते नियम फोन देण्याआधीच्या घराला जास्त लागू पडतात. आपल्याकडे बऱ्याच पोरांच्या हातात फोन लॉकडाउनमध्ये शाळेनेच दिला आणि आजही गृहपाठ क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. काढून घ्यायचा म्हटला तरी निघत नाही.

म्हणून फोनसाठीही मी फेबर-मॅझलिशचंच चौथं प्रकरण सांगतो. त्यात भांडण सोडवायच्या पाच पायऱ्या आहेत. आमच्या घरी गेल्या एप्रिलमध्ये काय झालं ते त्या क्रमाने सांगतो.

परीक्षा संपली होती, उन्हाळा लागला होता. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवर झोपतात. मुलगा फोन घेऊन वर जायचा आणि सकाळी नऊशिवाय खाली यायचा नाही. एका रात्री बारा-साडेबाराला पाणी प्यायला उठलो तर गोधडीतून उजेड येत होता. रात्री बारालाच का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. रोजच्या दीड जीबीचा डेटा पॅक बाराला नव्याने भरतो. दिवसा संपलेला डेटा बाराला परत येतो, म्हणून पोरं बाराची वाट बघत जागी राहतात. तुमच्याकडे असाच पॅक असेल तर आधी हे तपासा.

पहिली पायरी: आधी त्याचं ऐकायचं. रविवारी दुपारी कूलरसमोर बसून मी विचारलं, "रात्रीच्या फोनचं तुझं म्हणणं काय आहे ते सांग. मी मध्ये बोलणार नाही." तो म्हणाला, मित्र सगळे रात्रीच ऑनलाइन येतात, दिवसा कुणी शेतावर असतं, कुणी दुकानात. आपण नसलो तर दुसऱ्या दिवशी कशावर हसताहेत तेच कळत नाही. मला वाटत होतं तो गेम खेळतो. तो बराचसा नुसता तिथे असायचा.

दुसरी: आपलं म्हणणं थोडक्यात. पुस्तक सांगतं, इथे भाषण करू नका. मी म्हटलं, "तू नऊला उठतोस, दहावीचा क्लास जूनपासून सातचा आहे, मला काळजी वाटते." एवढंच. आणखी सहा वाक्यं तोंडात आली होती. ती गिळली.

तिसरी: उपाय दोघांनी सुचवायचे. चौथी: सगळे लिहायचे, एकावरही शेरा मारायचा नाही. हीच पायरी लोक मोडतात. मुलगा पहिला उपाय जाणूनबुजून वेडपट सांगतो, बघतो बाप भडकतो का. आमच्या कागदावर हे आलं:

1. फोन विकून टाकायचा. (मी)
2. पप्पांचाही विकायचा. (तो)
3. अनलिमिटेड पॅक मारायचा. (तो)
4. साडेदहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. (त्याची आई)
5. मित्रांना संध्याकाळी मैदानावर बोलवायचं. (मी)
6. आयपीएल चालू आहे तोपर्यंत काहीच करायचं नाही. (तो)

पाचवी: कोणता चालेल, कोणता नाही, ते दोघांनी मिळून ठरवायचं. पहिला आणि तिसरा एकमेकांच्या बदल्यात कापले. दुसरा कापताना सगळे हसलो. चौथा राहिला, 'सगळ्यांचे' या शब्दावर त्याने बोट ठेवल्यावर.

तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मॅच साडेअकरापर्यंत गेली आणि फोन वर गेला. पाचव्या दिवशी पावणेअकराला माझ्याच हातात फोन होता, वाचनालयाच्या ग्रुपवर उत्तर देत होतो. तो दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही, वर गेला. फोन घेऊन.

असं झालं की बहुतेक लोक म्हणतात, पुस्तक आपल्याकडे चालत नाही. पण मोडलं तर काय करायचं तेही याच पद्धतीत आहे: कागद परत काढायचा. पुढच्या रविवारी आम्ही चौथ्या ओळीत दुरुस्ती केली. मॅच असेल त्या दिवशी मॅच संपेपर्यंत, टीव्हीवर, खाली. वाचनालयाच्या ग्रुपवर मी साडेदहानंतर उत्तर देणार नाही. आणि पाचवा उपाय नव्याने लिहिला: आठवड्यातून दोन संध्याकाळी तो मित्रांकडे जाणार, साडेनऊला परत, मध्ये आमचा फोन नाही. हे त्याला रात्रीच्या बदल्यात मिळालं आणि त्यामुळेच बाकीचं टिकलं असं मला वाटतं. नुसतं काढून घेतलेलं परत रात्रीच येतं.

जूनपर्यंत आठवड्यातले पाच दिवस नियम पाळला जात होता. उरलेले दोन दिवस नाही. तो आजही शनिवारी उशिरापर्यंत जागतो. मी ते कागदावर घालायचा आग्रह धरला नाही.

चिडचिडीवर डमूर

'अनटँगल्ड'मधली एक उपमा पुस्तक न वाचताही उपयोगी पडते. मुलगी म्हणजे तलावात पोहणारी आणि आईबाप म्हणजे तलावाची भिंत. दम लागला की ती भिंतीला येऊन धरते, दम आला की लाथ मारून पुन्हा आत जाते. काल रात्री आईच्या कुशीत रडलेली पोरगी आज सकाळी "मला हात लावू नको" म्हणते ती अशी. आईला वाटतं, माझं काय चुकलं? काही चुकलं नाही, तिला दम आला.

डमूर यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट अशी की मुलं आपली अस्वस्थता आईबापांच्या हातात देऊन मोकळी होतात. पोरगी फोनवर सांगते, पेपर भयंकर गेला, सगळं संपलं. आई दिवसभर तळमळते, संध्याकाळी विचारते तर पोरगी, "कोणता पेपर? अगं ते झालं की." अशा वेळी लगेच उपाय करायला धावायचं नाही. अर्धा दिवस थांबायचं. आमच्या शेजारच्या वहिनी आता पदराला गाठ मारतात आणि संध्याकाळपर्यंत विषय काढत नाहीत. संध्याकाळी मुलीने स्वतःहून परत काढला तरच तो खरा.

एक फरक आपल्या घरांचा. डमूर अमेरिकेतल्या मुलींच्या शाळेत काम करणाऱ्या. त्या पुस्तकातल्या मुलीला स्वतःची खोली आहे, दार आहे. आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं असतात आणि ती चिडली की आजी, काका, शेजारीण सगळे मत देतात. चिडचिड सहन करायला आपल्याकडे भिंती जास्त आहेत, हा फायदा. मावशी असेल, मामा असेल. पण एकाच वेळी चौघांनी समजावलं तर तिला धरायला एकही भिंत उरत नाही. घरात एकाच माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी भाजी निवडायची, असं आधीच ठरवून टाका.

पुस्तक मिटून ठेवायचं कधी

डमूर म्हणतात, मन निरोगी असणं म्हणजे सतत बरं वाटणं नव्हे. प्रसंगाला साजेशा भावना येणं आणि त्या कुणाला इजा न करता हाताळता येणं, हे आरोग्य. नापास झाल्यावर दोन दिवस रडणं साजेसं आहे. पण दोन आठवडे रोज उदास आहे, जेवण आणि झोप बिघडलीय, आवडीचा खेळ सुटला, मित्रही सुटले, शाळेत जायलाच तयार नाही, तर ते पुस्तकाचं काम नाही. अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसलो तर बरं" असं काही ऐकलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी हालायचं. धमकी देतोय असं समजून सोडायचं नाही आणि त्याला एकटं ठेवायचं नाही.

टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416. 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येतं. आईबाप स्वतःही फोन करू शकतात, मुलगा तयार नसला तरी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. सरकारी रुग्णालयात 'मैत्री' नावाचं किशोरवयीन मुलामुलींसाठीचं केंद्र कुठे भरतं ते केस पेपरच्या खिडकीवर विचारा. मुलांना अडचणीत 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आमच्या टेबलावर हे सगळं मी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. पुस्तक नेणारे लोक पुस्तकाचं नाव विचारत पुठ्ठ्याचा फोटो काढतात, मी दुसरीकडे बघतो.

सुधारणा होतेय की नाही, हे वहीवरूनच बघायचं. महिन्याने पुन्हा सात दिवस लिहा. मूल जास्त बोलू लागलं का, हे बघू नका, ते इतक्यात होत नाही. नोंद कुठे तुटते ते बघा. ताईंच्या पहिल्या आठवड्यात मुलगा दुसऱ्या वाक्याला उठून जात होता. महिन्यानंतरच्या पानावर एक नोंद होती: "बुधवार, सव्वासहा. तो आला. मी काही विचारलं नाही. चहा ठेवला. तो ओट्यापाशी उभा राहिला. मी – आलं घालू का? तो – घाल. दहा मिनिटं उभा होता."

फेबर-मॅझलिशचं पुस्तक त्यांनी अजून परत केलेलं नाही. दोनदा मुदत वाढवून घेतली. तिकीट आता चाळीशीच्या पुढे गेलंय म्हणतात.